शिंकांचं घड्याळ : सर्दी की हंगामी अ‍ॅलर्जी, एका छोट्या प्रकल्पाच्या नोंदी

२६ ऑगस्ट २०२४

पावसाचा जोर ओसरू लागला की दवाखान्यात दरवर्षी एकच तक्रार वाढते. "डॉक्टर, सर्दी जातच नाही." नाक गळतंय, शिंका येताहेत, महिना झाला. एकाच बाकावर बसलेल्या दोघांची तक्रार शब्दाशब्दाने सारखी असते, पण एकाला विषाणूची सर्दी झालेली असते आणि दुसऱ्याला परागकणांची अ‍ॅलर्जी. पहिल्याला विश्रांती आणि आठवडाभर धीर पुरतो. दुसऱ्याला आठवडाभराच्या धीराने काहीच मिळत नाही, कारण बाहेर फुलोरा आहे तोवर त्याचं नाक थांबणार नाही.

"किती दिवस झाले?" या प्रश्नाला मिळणारं उत्तर फार कामाचं नसतं. दिवस लोकांना नीट आठवत नाहीत, आणि एकामागून एक झालेल्या दोन सर्द्या मिळून महिना सहज भरतो. मला कळायला हवं ते असं : पहिली शिंक किती वाजता आली, त्याआधी कुठे होतात, घसा आधी दुखला की नाक आधी गळलं, आणि दुपारी काय स्थिती होती. हे तोंडी विचारून मिळत नाही, त्याच दिवशी लिहून ठेवलं तरच मिळतं. म्हणून या हंगामात नेहमीच्या काही कुटुंबांना नोंदकार्ड द्यायचं ठरवलं.

कार्ड साधं आहे. एका दिवसाला एक ओळ आणि ओळीत सकाळी ६ ते रात्री १० असे तासांचे चौकोन. शिंकांसाठी उभी रेघ, नाक गळलं तर ठिपका, चोंदलं तर फुली. कडेला चार रकाने : डोळ्यांना किंवा टाळूला खाज, घसा, ताप, आणि दिवसभरात किती रुमाल बदलले. रुमालांची कल्पना माझी नाही. इंग्लंडमध्ये सॅलिसबरीजवळ १९४६ ते १९९० या काळात सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र होतं. तिथे स्वयंसेवकांच्या नाकात विषाणूचे थेंब सोडत आणि मग त्यांनी वापरलेले कागदी रुमाल मोजत. किती नाक गळलं हे माणसाला सांगता येत नाही, रुमाल मोजले की समजतं.

२९ ऑगस्ट

हवेत काय आहे हेही पाहायला हवं. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राने मदत कबूल केली. आमच्या इमारतीच्या गच्चीवर पत्र्याच्या छोट्या छपराखाली काचेची पट्टी आडवी ठेवायची, तिच्यावर व्हॅसलीनचा अगदी पातळ थर, सकाळी ९ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ९. मग त्यावर रंग घातलेल्या ग्लिसरीन जेलीचा थेंब, वर कव्हरस्लिप, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं.

या पद्धतीची मर्यादा आत्ताच लिहून ठेवतो. पट्टीवर पडतं ते वजनाने खाली आलेलं. वारा जोराचा असेल तर हलके कण वरून निघून जातात. त्यामुळे एक घनमीटर हवेत किती कण आहेत, हे या पट्टीवरून सांगता येत नाही. त्यासाठी ठरावीक वेगाने हवा ओढणारं यंत्र लागतं. आमच्या पट्टीवरून एवढंच कळेल की अमुक जातीचे कण सध्या उडताहेत की नाही, आणि गेल्या आठवड्यापेक्षा जास्त दिसतात की कमी. आमच्या कामापुरतं हे बास आहे.

२ सप्टेंबर

पहिल्या पट्ट्या पाहिल्या. बुरशीचे बीजाणू भरपूर, ते या दिवसांत असणारच. गवताचे पराग ओळखायला सोपे : गुळगुळीत, गोल, आणि अंगावर एकच छिद्र. त्यांच्याशिवाय आकाराने लहान, गोलसर आणि अंगभर आखूड काटे असलेले कण दिसले, काही सुटे तर काही गुच्छाने चिकटलेले. मित्राने भिंग न बदलताच सांगितलं, "गाजर गवत." गच्चीवरून खाली पाहिलं तर शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर कंबरेएवढं माजलंय, पांढऱ्या बारीक फुलांनी भरून गेलंय.

गाजर गवताची भारतातली सुरुवातीची नोंद पुण्याचीच, १९५०च्या दशकातली. मूळ अमेरिका खंडातली ही वनस्पती आता देशभर पसरली आहे. ओल मिळाली की वर्षात केव्हाही फुलते, पण पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर तिचा जोर सगळ्यात जास्त. पुण्यात ज्यांची 'सर्दी' ऑगस्टमध्ये सुरू होऊन ऑक्टोबर संपला तरी रेंगाळते, त्यांच्या बाबतीत या प्लॉटकडे संशयाने पाहायला हवं.

आज कार्ड ७ दिलं. पस्तिशीच्या ताई, बँकेत नोकरी. दरवर्षी गणपतीच्या आसपास सर्दी होते आणि दिवाळीपर्यंत राहते असं म्हणाल्या. मुलगा दुसरीत. "शाळेतून तोच घेऊन येतो, डॉक्टर, आणि मला देतो." मुलाच्या नावे कार्ड ८ लगेच दिलं.

६ सप्टेंबर

ताई गणपतीसाठी आज रात्री रत्नागिरीकडे गावी निघणार आहेत. जाण्याआधी चार दिवसांचं कार्ड दाखवून गेल्या. चारही ओळींत सकाळी ७ ते ८ च्या चौकोनात रेघांची दाटी आहे. मुलाला स्कूलबसपर्यंत सोडायला ७ वाजता निघतात, बस थांबते ती नेमकी त्या मोकळ्या प्लॉटच्या कडेला. सव्वासातच्या सुमाराला टाळूला खाज सुरू होते, मग डोळ्यांना, मग सलग दहाबारा शिंका आणि पाण्यासारखं नाक. नऊपर्यंत सगळं शांत. घशाचा रकाना चारही दिवस कोरा.

कार्ड घेऊन जा आणि गावीही भरत राहा, असं सांगितलं. कोरी ओळसुद्धा नोंदच असते.

१४ सप्टेंबर

कोकणातल्या सगळ्या ओळी जवळपास कोऱ्या. एका दिवशी आरतीच्या वेळी धुपाच्या धुराने आलेल्या तीन शिंका, बाकी काही नाही. पावसाच्या सरी चालू होत्या आणि घराभोवती गाजर गवत दिसलं नाही, असं त्या म्हणाल्या. बाराला रात्री उशिरा परत आल्या. तेराला सकाळी ७:०५ ला बसथांब्यावर उभ्या राहिल्या, ७:२० ला शिंका सुरू झाल्या आणि सात ते आठच्या चौकोनात रेघाच रेघा.

सगळं या पंधरा मिनिटांत आहे. विषाणूला एवढ्या वेळात माणसाला आजारी पाडता येत नाही. सर्दीचा सगळ्यात नेहमीचा विषाणू म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. तो नाकाच्या आतल्या पेशीला चिकटतो, आत शिरतो, तिथे स्वतःच्या प्रती तयार करतो, त्या बाहेर पडून शेजारच्या पेशींत जातात. हे पुरेसं वाढल्यावर शरीर त्याची दखल घेतं आणि तेव्हा कुठे घसा खवखवतो. अगदी लवकर म्हटलं तरी यात अर्धा दिवस जातो, बहुतेकदा दोन दिवस, कधी तीन.

अ‍ॅलर्जीत वाढायचं काहीच नसतं. तयारी आधीच झालेली असते, कधी काही वर्षांपूर्वी. त्या परागकणातल्या प्रथिनाविरुद्ध शरीराने आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवून ठेवलेली असतात आणि ती नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसलेली असतात. पराग ओल्या अस्तरावर पडला की त्यातली प्रथिनं सुटतात, दोन शेजारच्या प्रतिपिंडांना एकाच वेळी धरतात आणि मास्ट पेशी आपल्याकडचं हिस्टामीन काही मिनिटांत बाहेर टाकते. हिस्टामीन मज्जातंतूंची टोकं चाळवतं, म्हणून खाज आणि लागोपाठ शिंका. ग्रंथी पाझरू लागतात, म्हणून पाणी. बंदूक भरून ठेवलेली असते, पराग फक्त चाप ओढतो.

ताईंच्या कार्डावर आणखी एक गोष्ट आहे, आणि ती त्यांनी स्वतःहून मला सांगितली नव्हती. तेरा तारखेला दुपारी १ ते ४ च्या चौकोनांत फुल्या आहेत. शिंक नाही, पाणी नाही, पण नाक चोंदलेलं. बँकेच्या एसीमुळे होतं असं त्यांना वाटत होतं. वेळ मोजली तर सकाळच्या हल्ल्यापासून सहा तास होतात. ही अ‍ॅलर्जीची दुसरी लाट. मास्ट पेशींनी सकाळी जे संदेश सोडले त्यांच्या मागाने रक्तातल्या इओसिनोफिल आणि इतर पेशी अस्तरात येऊन जमतात, अस्तर सुजतं, आणि साधारण चार ते आठ तासांनी नाक बंद होतं. यात हिस्टामीनचा वाटा कमी, सूज जास्त. म्हणूनच सकाळी सेटिरिझीनसारखी हिस्टामीन अडवणारी गोळी घेणाऱ्याला शिंकांना उतार पडतो, पण दुपारी नाक मोकळं होत नाही आणि गोळी लागू पडली नाही असं वाटतं.

१७ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. दवाखाना अर्धा दिवस. कार्ड ८ चा मुलगा आजोबांच्या खांद्यावर बसून मिरवणूक पाहायला गेलाय. प्रकल्पातली आणखी पाचसहा घरं आज गर्दीत असतील. परवापासून काय येतं ते पाहू.

२४ सप्टेंबर

आलं. कार्ड ८ आता पूर्ण वाचण्यासारखं झालंय, म्हणून जसंच्या तसं उतरवतो.

वीस तारखेला संध्याकाळी घशाच्या रकान्यात पहिली खूण. जेवताना टोचतंय म्हणाला. नाकाचे चौकोन कोरे. एकवीसला सकाळपासून शिंका, पण सुट्या : दहाच्या चौकोनात दोन, बाराला एक, चारला तीन. नाक पाण्यासारखं, दिवसभर. संध्याकाळी ताप ९९.८. बावीस आणि तेवीस हे सगळ्यात वाईट दिवस, रुमाल एकदम वाढले, रात्री तोंड उघडं ठेवून झोपला. आज, चोवीसला, शिंका जवळजवळ थांबल्या, पण शेंबूड दाट आणि पिवळसर. खाजेचा रकाना पहिल्या दिवसापासून कोरा.

सतराची गर्दी आणि वीसचा घसा, हा हिशोब जुळतो. तो शाळेतूनही घेऊन आला असेल, ते ठरवता येणार नाही आणि ठरवायची गरजही नाही. महत्त्वाचा आहे तो आजाराचा चढउतार : आधी घसा, मग पाणी, दुसऱ्यातिसऱ्या दिवशी शिखर, मग दाट स्राव, मग उतार. सर्दी एकदाच चढते आणि एकदाच उतरते. आईच्या कार्डावर बसथांब्यावर गेल्या त्या प्रत्येक सकाळी चढ आणि नंतर उतार, तीन आठवडे तेच.

शिंकाही वेगळ्या का पडतात, याचं कारण रसायनात आहे. सर्दीत हिस्टामीनचा वाटा फारसा नसतो. विषाणूने चाळवलेल्या पेशी ब्रॅडिकायनिन आणि इतर दाहक पदार्थ सोडतात. त्याने रक्तवाहिन्या सैल पडून पाझरतात, घसा दुखतो, पण टाळूला ती असह्य खाज सुटत नाही. नव्या पिढीच्या अँटिहिस्टामीन गोळ्या सर्दीच्या नाकावर फिक्या पडतात त्या यामुळेच. जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांनी नाक थोडं सुकतं, पण तो त्यांचा दुसराच गुण आहे, ग्रंथींना मिळणारा मज्जातंतूचा संदेश त्या दाबतात. लहान मुलांना त्या देऊ नयेत या मताचा मी आहे.

२७ सप्टेंबर

आज ताई स्वतः आल्या, चेहरा उतरलेला. "बघा, दिलीच मला त्याने." या वेळी त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि कार्डावरून ते सिद्ध करता येतं.

तेवीसला रात्री, या हंगामात पहिल्यांदाच, घशाच्या रकान्यात खूण आहे. चोवीसपासून शिंकांच्या रेघा सात ते आठच्या चौकोनातून बाहेर पडल्या आणि दिवसभर विखुरल्या. सकाळचा झटका आहेच, त्याच्या मागेपुढे आता सुट्या शिंका. रात्री ९ च्या चौकोनातही ठिपके, तिथे आजवर कधीच काही नव्हतं. अंग मोडून आलंय. एकाच नाकात दोन्ही चालू आहेत.

घोटाळा होतो तो अशाच वेळी. अ‍ॅलर्जी असलेल्या माणसालाही सर्दी होतेच. प्रौढांना वर्षाला दोनतीन वेळा, लहान मुलांना सहाआठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे. ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत आणि एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. अ‍ॅलर्जीवर सर्दी चढली की रुग्णाला वाटतं जुनीच सर्दी बळावली, आणि मागणी येते ती अँटिबायोटिकची. मी ताईंना कोमट पाणी, मिठाच्या पाण्याने नाक धुणं, गरज पडल्यास पॅरासिटामॉल एवढंच सांगितलं आणि कार्ड सोडू नका म्हटलं. अंदाजही लिहून दिला : सर्दी तीन ऑक्टोबरच्या आसपास उतरेल, सकाळचा झटका उरेल.

नाक धुण्याचं पाणी उकळून गार केलेलं हवं, नळाचं थेट नको. हे प्रत्येकाला वेगळं सांगावं लागतं.

३० सप्टेंबर

रंगाबद्दल. कार्ड ८ च्या आजोबांनी गेल्या आठवड्यात फोन केला होता, "शेंबूड हिरवा झालाय, म्हणजे इन्फेक्शन वाढलं." तसं नाही. आपल्या पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल या नाकात गोळा होतात. त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एक एन्झाइम असतं, आणि ते मुळातच हिरवट असतं. अशा पेशी जास्त जमल्या आणि स्राव तिथेच थबकला की पिवळा-हिरवा रंग येतो. साध्या विषाणूच्या सर्दीत चौथ्यापाचव्या दिवशी हा रंग दिसणं नेहमीचं आहे. सकाळी उठल्यावर तो गडद असतो आणि दुपारपर्यंत फिकट होतो, कारण रात्रभर साचलेलं असतं.

मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीने. दहा दिवस होऊन गेले तरी उतार नाही, किंवा बरं वाटायला लागल्यावर ताप आणि गालफडातलं दुखणं नव्याने आलं, तर सायनसमध्ये जिवाणूंचा संसर्ग आहे का ते बघावं लागतं. आणि लहान मुलाचं एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल तर सर्दी-अ‍ॅलर्जीचा वाद बाजूला ठेवून आधी नाकात मणी, चिंचोका, स्पंजचा तुकडा अडकलाय का ते पाहायचं. डोक्याला मार लागल्यानंतर एका बाजूने स्वच्छ पाणी ठिबकू लागलं तर थेट रुग्णालय.

मुलाचं कार्ड : शिंका नाहीत, नाक कोरडं, फक्त रात्रीचा खोकला. खोकला आणखी आठदहा दिवस राहू शकतो.

३ ऑक्टोबर

ताईंच्या कार्डावर रात्रीचे ठिपके संपले. घशाचा रकाना तीन दिवस कोरा. सकाळी सव्वासातचा झटका जागच्या जागी.

रविवारचा पुरावाही आता पाहता येतो. आठ सप्टेंबरचा रविवार गावी गेला. पंधराचा रविवार घरी, बसथांब्यावर जाणं नाही, ओळ जवळपास कोरी. एकोणतीसचा रविवार मात्र भरलेला, तोही दिवसभर, कारण तेव्हा अंगात विषाणू होता आणि विषाणूला सुट्टीचा वार कळत नाही. एकाच माणसाचे हे दोन रविवार शेजारी ठेवले की दोन्ही आजार वेगळे दिसतात.

आज कार्ड ३ ही आलं. चाळिशीचे रिक्षाचालक दादा. नाक चोवीस तास बंद, शिंका थोड्या, खाज नाही. ना सर्दीचा चढउतार, ना अ‍ॅलर्जीचा सकाळचा झटका, फुल्याच फुल्या. खिशातून नाकात घालायच्या थेंबांची बाटली निघाली. ऑगस्टमधल्या सर्दीत आणलेली, तेव्हापासून दिवसातून पाचसहा वेळा चालू. हे झायलोमेटाझोलिनचे थेंब रक्तवाहिन्या आवळून नाक झटकन मोकळं करतात, पण तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की परिणाम ओसरताच नाक आधीपेक्षा जास्त बंद होतं, मग पुन्हा थेंब. मूळ सर्दी कधीच संपली होती, आता नाक बंद होतंय ते थेंबांनी. आधी एका नाकपुडीतले थेंब बंद करायला सांगितले, सोबत स्टेरॉइडचा स्प्रे दिला. पहिले काही दिवस त्रासाचे जातील, तेही सांगून ठेवलं.

८ ऑक्टोबर

ताईंना त्वचेच्या चाचणीसाठी पाठवायचं आहे. चाचणीआधी आठवडाभर सेटिरिझीन बंद ठेवावं लागतं, नाहीतर हिस्टामीनच दाबलेलं असल्यामुळे फोड उठत नाही आणि चाचणी खोटी नकारार्थी येते. त्यांचं सेटिरिझीन आजपासून बंद. सकाळी बसथांब्यावर मास्क, आणि काही दिवस मुलाला सोडायला आजोबा.

११ ऑक्टोबर

उद्या दसरा. बाजारात झेंडूचे ढीग, आणि दवाखान्यात "फुलांची अ‍ॅलर्जी आहे, तोरण लावू की नको?" हा प्रश्न. झेंडू आणि गाजर गवत एकाच कुळातले, त्यामुळे ज्याला गाजर गवताचा त्रास आहे त्याने झेंडू नाकाजवळ धरून हार ओवणं टाळावं. पण दारावरच्या तोरणाने घरभर शिंका येतील असं सहसा होत नाही. झेंडूचा पराग चिकट असतो, तो किड्यांच्या पायांना चिकटून जाण्यासाठी बनलेला. हवेतून दूर जाणारा पराग बहुतेकदा अशा झाडांचा, ज्यांच्या फुलांकडे कोणी वळून पाहत नाही : गवतं, राजगिऱ्याच्या कुळातली तणं, काही मोठी झाडं.

गच्चीवरच्या पट्टीवर या आठवड्यात गवताचे कण वाढलेत. पाऊस थांबून ऊन कडक झालंय. संततधार पावसाच्या दिवसांत पट्टी जवळपास स्वच्छ असायची, कारण पाऊस हवा धुऊन काढतो. कार्डांवरही त्या दिवशी अ‍ॅलर्जीवाल्यांच्या ओळी हलक्या आहेत. सर्दीवाल्यांच्या ओळींवर पावसाचा असा काही परिणाम दिसत नाही.

१६ ऑक्टोबर

चाचणीचा अहवाल आला. हाताच्या आतल्या बाजूला थेंब ठेवून सुईने हलकंसं टोचतात आणि पंधरावीस मिनिटांनी फोड मोजतात. मिठाच्या पाण्याला शून्य, म्हणजे नुसत्या टोचण्याने फोड येत नाही. हिस्टामीनला ५ मिलिमीटर, म्हणजे त्वचा उत्तर देते आहे. या दोन्ही आकड्यांशिवाय बाकीचा अहवाल वाचूच नये. गाजर गवत ६, हरळी ४, घरातल्या धुळीतले माइट नावाचे सूक्ष्म जीव ०, झुरळ ०. मिठाच्या पाण्यापेक्षा ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा फोड आला तर चाचणी सकारात्मक धरतात.

पंधरा मिनिटांत हातावर फोड आणि पंधरा मिनिटांत बसथांब्यावर शिंका, दोन्हीमागे तीच मास्ट पेशी आहे.

तरीही नुसता अहवाल बघून औषध द्यायचं नाही. कितीतरी लोकांच्या हातावर फोड येतो आणि नाकाला काहीच त्रास नसतो. फोड, हवेतला पराग आणि कार्डावरची वेळ तिन्ही जुळली तर खरं. ताईंचं तिन्ही जुळतंय. पॅकेज म्हणून पन्नास गोष्टींची रक्ततपासणी करून आणलेले अहवाल माझ्याकडे येतात, आणि त्यात दहा पदार्थांपुढे खूण असते. मग घरात वांगं बंद, केळं बंद, दही बंद, आणि शिंका चालूच.

१९ ऑक्टोबर

ताईंना मोमेटासोन या स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे सुरू केला, रोज एकदा. दवाखान्यातच मारायला लावला, कारण बाटली हातात देऊन पाठवलं की बहुतेकजण डोकं मागे टाकून सरळ वर मारतात आणि औषध घशात उतरतं. डोकं किंचित पुढे, डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात आणि उजवीसाठी डावा, म्हणजे तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाकडे वळतं. मधल्या पडद्यावर मारू नये, तिथे रोज फवारलं की खपली धरते आणि रक्त येतं. नंतर जोराने ओढायचं नाही.

हा स्प्रे त्या दुसऱ्या लाटेला आवरतो, दुपारच्या चोंदण्याला. पण आज मारला आणि तासात मोकळं झालं असं होत नाही. पुरता गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि अनेकजण तिसऱ्या दिवशीच सोडून देतात. पुढच्या वर्षी फुलोऱ्याच्या आधी, ऑगस्टच्या सुरुवातीलाच सुरू करायचा असं ताईंच्या कागदावर लिहिलं.

दम लागतो का, पहाटे छातीत घरघर होते का, हेही विचारलं. नाही म्हणाल्या. नाकाच्या अ‍ॅलर्जीवाल्यांमध्ये दमा बराच आढळतो, म्हणून हे विचारल्याशिवाय सोडत नाही.

४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. एक तारखेच्या रात्रीपासून जवळपास सगळ्यांच्या कार्डांवर शिंका आहेत, पण त्या धुराच्या. धूर बाधायला आयजीई लागत नाही, विषाणूही लागत नाही. तो अस्तराला सरळ झोंबतो आणि हवा निवळली की थांबतो. हे तीन दिवस तुलनेतून वगळले.

कार्ड ७ : गेल्या आठवड्यात दुपारच्या फुल्या दोनच. सकाळी शिंका तीनचार, दहाबारा नाहीत. प्लॉटवरचं गाजर गवतही वाळत चाललंय, त्यामुळे सगळं श्रेय स्प्रेला देता येणार नाही. कार्ड ३ : थेंब पूर्ण बंद, एक नाकपुडी मोकळी, दुसरी अर्धी.

सोसायटीने प्लॉटमालकाला पत्र दिलंय. गवत काढायचं तर फुलं येण्याआधी, मुळासकट, पाऊस पडून जमीन मऊ असताना, हातमोजे घालून. नुसतं कापलं की पुन्हा फुटतं, आणि फुलावर असताना उपटलं तर पराग आणि बिया दोन्ही आजूबाजूला झडतात. ज्यांना त्रास आहे त्यांनी या कामाला हात लावायचा नाही. गाजर गवताच्या रसाने कातडीवरही चट्टे उठतात, ती वेगळ्या प्रकारची अ‍ॅलर्जी आहे आणि एकदोन दिवसांनी दिसते.

दोन कुटुंबांचा त्रास या हंगामातला नाही, फेब्रुवारी-मार्चमधला आहे. दोघांच्याही घरासमोर वावळाची झाडं आहेत, आणि वावळ थंडीच्या अखेरीला निष्पर्ण होऊन फुलतो. त्यांची कार्डं जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात द्यायची, गच्चीवरची पट्टीही तेव्हापासून पुन्हा. कार्डात एक बदल : झोपेतून उठल्यावर अंथरुणातच शिंका आल्या की घराबाहेर पडल्यावर, यासाठी वेगळा चौकोन. माइटची अ‍ॅलर्जी आणि परागाची अ‍ॅलर्जी दोन्ही सकाळीच त्रास देतात, आणि सध्याच्या कार्डात ७ च्या चौकोनात ती एकत्र मिसळतात.